‘ड्राय क्लीन ओन्ली’, ‘टंबल ड्राय लो’, ‘कलरफास्ट’: गिऱ्हाइकाला मराठीत नेमकं काय लिहून देऊ?

शिवणघर_शहापूर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. हल्ली निम्मं काम नवीन शिवण्याचं नसून बाहेरून आलेले कपडे आत-बाहेर करण्याचं असतं. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाची लेक इंग्लंडला. कपडे येतात, मापात बसत नाहीत, मग माझ्याकडे येतात. जाताना प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, “हे धुवायचं कसं?” आतल्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं, पण ते त्यांना वाचता आलं तरी त्याचा अर्थ लागत नाही. मलाही सगळा लागत नाही, आणि ते आता महागात पडलंय.

दिवाळीत एका काकूंच्या जॅकेटच्या बाह्या मी आखूड केल्या होत्या. ८० टक्के वूल, २० टक्के पॉलिअमाइड, आत पॉलिस्टरचं अस्तर. पट्टीवर ‘ड्राय क्लीन ओन्ली’. काकूंनी विचारलं, घरी धुतलं तर चालेल का? मी म्हटलं, थंड पाण्यात, हलक्या हाताने धुवा, लोकरीचं लिक्विड वापरा. त्यांनी मशीनला ‘जेंटल’वर लावलं. परवा जॅकेट घेऊन आल्या. बाह्यांतून आणि खालून अस्तर डोकावतंय आणि समोरच्या दोन्ही बाजूंना छातीपाशी फोड आल्यासारखे फुगवटे आलेत. सल्ला माझाच होता, त्यामुळे ते दुरुस्त करायची जबाबदारीही माझीच.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जॅकेट वाचेल का? आणि यापुढे प्रत्येक कपड्यासोबत मराठीत एक चिठ्ठी द्यायची आहे, तर हे तीन शब्द कसे लिहावेत?

टिळकवाडी४४

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. ‘ड्राय क्लीन’ लिहिणं म्हणजे कंपनीने आपली जबाबदारी झटकणं. मी गेली दहा वर्षं माझे रेशमी शर्ट आणि लोकरीचे स्वेटर घरी बादलीत धुतोय, सगळ्यांवर ‘ड्राय क्लीन’ लिहिलेलं आहे. एकालाही काही झालेलं नाही. काकूंनी मशीनला लावलं हीच चूक. हाताने धुतलं असतं तर काही बिघडलं नसतं.

वैजयंती_अनगोळ

माझ्याकडे आईची शहापुरी साडी आहे, काठाचा लाल रंग अंगावर उतरतो. ती ड्राय क्लीनला द्यावी की घरी मिठाच्या पाण्यात बुडवावी? मिठाने रंग पक्का होतो असं सासूबाई म्हणायच्या.

निपाणीचा_आप्पा

मी बेंगळुरूला एक्स्पोर्टच्या कारखान्यात कपडे तपासायच्या खात्यात बावीस वर्षं काढली. ह्या पट्ट्या कापडाला लावायच्या आधी आमच्या टेबलावरून जायच्या. म्हणून थोडं लांबण लावतो.

टिळकवाडीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत १९७१ साली फेडरल ट्रेड कमिशनने पट्टीचा नियम केला. त्या नियमाप्रमाणे कपडा पाण्यानेही धुता येत असेल आणि ड्राय क्लीनही करता येत असेल, तर दोन्हींपैकी एकच पद्धत लिहिली तरी पुरते. म्हणून नुसतं ‘ड्राय क्लीन’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ड्राय क्लीन केल्याने कपडा बिघडणार नाही. पाण्याचं काय, ते पट्टी सांगतच नाही. तुमचे रेशमी शर्ट त्यातले असणार. त्यांना अस्तर नाही, आत काही चिकटवलेलं नाही.

पण ‘ओन्ली’ शब्द आला की तो इशारा असतो. ताईंच्या जॅकेटमध्ये तो इशारा कापडासाठी नव्हताच, आतल्या जोडणीसाठी होता. ताई, तुमच्या भाषेत सांगतो. समोरच्या भागाला आतून पेस्टिंग केलेलं बकरम असतं. डिंकाचे बारीक ठिपके असलेलं ते बकरम गरम दाबाने कापडाला चिकटवतात. पाठीला सहसा ते नसतं. त्याखाली अस्तर. म्हणजे एका जॅकेटमध्ये तीन कापडं: वरची लोकर पाण्याने आटते, बकरम जवळजवळ आटत नाही, पॉलिस्टरचं अस्तर अजिबात आटत नाही. हाताने धुवा नाहीतर मशीनला, तिघांचं वागणं वेगवेगळंच राहणार.

एक काम करा. दिवाळीत बाह्या केल्या तेव्हाची मापं तुमच्या वहीत असतील. आत्ता पुन्हा मोजा: पाठीची लांबी, समोरची लांबी, बाही. आणि पाठीचं कापड उजेडात धरून बघा, विणीच्या रेषा दिसतात का, की वर लव येऊन रेषा बुजल्यात.

वैजयंतीताई, साडीचं नंतर सांगतो, तो वेगळा विषय आहे.

खानापूर_पाऊस

आप्पा, माझाही एक प्रश्न घ्या. आमच्याकडे खानापूरला जूनपासून चार महिने दोरीवर कपडे वाळतच नाहीत. म्हणून गेल्या पावसाळ्यात वॉशर-ड्रायर घेतलं. मुलांच्या परदेशी टी-शर्टवर ‘टंबल ड्राय लो’ लिहिलंय, म्हणून मी ड्रायरमध्येच वाळवले आणि ते आटले. पट्टीवर लिहिलंय तसंच केलं, तरी का आटले? माझ्या मशीनवर ‘लो’ नावाचं बटण नाही. फिरणं कमी ठेवायचं म्हणून मी स्पिन ४०० वर ठेवलं होतं.

शिवणघर_शहापूर

आप्पा, मोजलं.

पाठीची लांबी वहीत ६४ सेंटिमीटर, आता साडेएकसष्ट. समोरची ६६ होती, आता साडेपासष्ट. बाही मी ५८ ला केली होती, आता ५६. विणीच्या रेषा पाठीवर स्पष्ट दिसतात, फक्त काखेत थोडी लव आलीये.

निपाणीचा_आप्पा

फार छान मोजलंत. आकडेच सगळं सांगतायत.

पाठ मोकळी होती, ती अडीच सेंटिमीटर आटली, म्हणजे शंभराला चार. समोरचं कापडही तेवढंच आटायला बघत होतं, पण आतल्या बकरमने त्याला धरून ठेवलं, म्हणून माप अर्ध्याच सेंटिमीटरने कमी झालं. त्या ओढाताणीत जिथे डिंक सुटला तिथे फोड आले. आणि अस्तर आपल्या जागी राहिलं म्हणून ते बाहेर आलं.

आता आशेची गोष्ट. लोकर दोन तऱ्हेने आटते. कारखान्यात कापड ताणून तयार केलेलं असतं, पाण्यात ते ताण सोडतं. ही आट वाफेने बऱ्यापैकी परत मिळते. दुसरी आट म्हणजे लोकरीच्या केसांवरचे खवले घासून एकमेकांत अडकतात आणि कापडाचा नमदा होतो. ती परत येत नाही. तुमच्या पाठीवर रेषा दिसतात, म्हणजे बरीचशी आट पहिल्या तऱ्हेची. काखेत घासलं गेलं, तिथे नमदा होऊ लागलाय, तेवढं तसंच राहील.

पाठ आणि बाह्यांसाठी: अस्तर खालून उसवा, म्हणजे वरचं कापड एकटं हाताळता येईल. टेबलावर घोंगडं, त्यावर पांढरी चादर, जॅकेट उलटं पसरा. वर ओलं सुती कापड. इस्त्री दोन टिंबांवर, म्हणजे लोकरीच्या खुणेवर. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. वाफ असताना हाताने हळूहळू ओढून टाचण्यांनी ६४ वर लावा आणि पूर्ण गार होईपर्यंत काढू नका. एका दमात नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

समोरच्या फोडांना मात्र ओलं कापड चालत नाही. कापड ओलं असेपर्यंत खालची उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि बकरमचा डिंक मऊ व्हायला बहुतेक वेळा त्याहून जास्त लागते. म्हणून आधी ओल्याने कापड सपाट करा, मग कोरडं सुती कापड ठेवून दहा-बारा सेकंद दाबून धरा, आणि गार होईपर्यंत हात लावू नका. डिंक शिल्लक असेल तर बसेल. वरून चकाकणारे ठिपके दिसू लागले तर लगेच थांबा, डिंक कापडातून वर येतोय.

टिळकवाडी४४

मग विकत घेताना आत पेस्टिंग आहे की नाही, हे ओळखायचं कसं? दुकानात तर उसवून बघता येत नाही.

शिवणघर_शहापूर

हे मी सांगते. बटणाच्या जवळ वरचं कापड आणि आतलं अस्तर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि बोटं एकमेकांवर सरकवा. मध्ये एक तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर तो शिवलेला कॅनव्हास. तिसरा थर लागत नाही पण वरचं कापड पाठीपेक्षा कडक लागतं, तर पेस्टिंग. आपल्याकडे तयार मिळणाऱ्या जॅकेटमध्ये मला तरी बहुतेक पेस्टिंगच सापडतं.

कॅम्प_इस्त्रीघर

आमचं कॅम्पात लाँड्रीचं दुकान हाय, आजोबांपासून. एक सांगू का ताई, ड्राय क्लीन म्हणून गिऱ्हाईक देतंय खरं, पण दुकानदार काय करतोय हे कुणी इचारतच नाही. काही ठिकाणी नुसतं पाण्यात धुऊन वाफेची इस्त्री मारून देतात. आम्ही पेट्रोल वॉश करतो, म्हणजे टर्पेंटाइनच्या जातीचं तेल. मोठ्या मशीनवाले पर्क नावाचं रसायन वापरतात. दोन्हींत पाणी नसतंय म्हणून त्याला ड्राय म्हणायचं, कपडा भिजतोय की चांगला. तर चिठ्ठीत एवढं लिहा, “पाणी लावू नका असं दुकानात सांगा.”

निपाणीचा_आप्पा

इस्त्रीघरवाले, हे तुम्ही फार कामाचं सांगितलंत. पट्टीवरचा गोल म्हणजे धोब्यासाठीचा निरोप. गोलात ‘पी’ असेल तर पर्क चालतं आणि तुमचं पेट्रोल वॉशही चालतं. ‘एफ’ असेल तर फक्त पेट्रोल वॉशच्या जातीचं, पर्क नको. गोलाखाली आडवी रेघ असेल तर हलकं काम, म्हणजे कमी फिरवणं आणि वाळवताना कमी उष्णता. गोलावर फुली असेल तर ड्राय क्लीनला द्यायचाच नाही.

आता खानापूरकर. तुमचा घोळ ‘लो’ शब्दात झालाय. ‘लो’ हे उष्णतेबद्दल आहे, फिरण्याच्या वेगाबद्दल नाही. तुम्ही स्पिन कमी केलं, त्याने कपडे जास्त ओले राहिले आणि ड्रायरला जास्त वेळ गरम हवा मारावी लागली. उलटं झालं. चौकोनात गोल असतो ती टंबल ड्रायची खूण, गोलात एक टिंब म्हणजे बाहेर पडणारी हवा ६० अंशांपर्यंत, दोन टिंबं म्हणजे ८० पर्यंत. तुमच्या मशीनवर ‘डेलिकेट’ किंवा ‘सिंथेटिक’ वाळवणीचा पर्याय असेल, तोच ‘लो’ समजा. पण आधी मशीनची पुस्तिका बघा, प्रत्येकाची नावं वेगळी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती पट्टी म्हणते, “ड्रायरमध्ये घालणार असाल तर यापेक्षा गरम नको.” ड्रायरमध्ये घालाच, असं ती म्हणत नाही. घरात पंख्याखाली दोरीवर टाकलेला टी-शर्ट बिघडत नाही.

खानापूर_पाऊस

पंख्याखाली टाकले तर आमच्याकडे दोन दिवसांनी कुबट वास येतो, आप्पा. म्हणून तर मशीन घेतलं.

निपाणीचा_आप्पा

खरंय, खानापूरचा पाऊस मी पाहिलाय. मग असं करा. स्पिन जोरात ठेवा, सुती टी-शर्टला ते सोसतं. ड्रायरमध्ये अर्धेच कपडे घाला. वॉशर-ड्रायरची वाळवायची क्षमता धुण्याच्या क्षमतेहून कमी असते, भरगच्च भरलं की तास-तास फिरत राहतं. आणि थोडा दमट असतानाच काढून पंख्याखाली टाका. होजियरीचं कापड विणताना ओढलेलं असतं. शेवटच्या कोरडेपणापर्यंत ते ड्रायरमध्ये आपटत राहिलं की ताण सोडतं, टाके जवळ येतात आणि लांबी जाते. ‘लो’वर ठेवूनही हे थोडंफार होतंच.

एकाच कपड्याला मी ड्रायर आग्रहाने सांगेन, तो म्हणजे पिसं भरलेलं थंडीचं जॅकेट. दोरीवर वाळवलं तर पिसांचे गोळे होतात आणि आत ओल राहते. ते ‘लो’वर, दोन टेनिसचे चेंडू टाकून, मध्येमध्ये बाहेर काढून गोळे हाताने फोडत वाळवायचं.

वैजयंती_अनगोळ

आप्पा, माझी साडी राहिली.

निपाणीचा_आप्पा

हो ताई, विसरलो नाही. मिठाने आधीच बसलेला कच्चा रंग पक्का होत नाही. काही रंग चढवताना मीठ वापरतात, तिथून ही समजूत आली असावी. तुमच्या साडीचा रंग पाण्यात जातो की घामाने उतरतो, हे आधी बघा. पदराच्या आतल्या टोकाला पांढरं सुती फडकं कोरडं घासा, मग दुसरं ओलं करून घासा. ओल्यावर लाल आलं आणि कोरड्यावर नाही, तर पाण्यात घालू नका. दोन्हींवर आलं तर रंग वरवरच बसलाय. मग ती ड्राय क्लीनलाही एका टोकावर परीक्षा करूनच द्या, कारण तेलातही तो निघू शकतो. हातमागाच्या जुन्या साडीसाठी माझ्यापेक्षा वडगाव-खासबागच्या विणकरांना विचारलेलं बरं, त्यांना त्यातले रंग माहीत असतात.

टिळकवाडी४४

पण ‘कलरफास्ट’ लिहिलेलं असलं की रंग जाणारच नाही ना? माझ्या नातवाचं लाल स्वेटशर्ट होतं, पट्टीवर ‘कलरफास्ट’. सुनेने शाळेच्या पांढऱ्या शर्टांसोबत गरम पाण्यात, धुण्याचा सोडा घालून भिजवलं. शर्ट गुलाबी झाले. म्हणजे पट्टी खोटी निघाली.

निपाणीचा_आप्पा

पट्टीवर पाण्याचं तापमान किती होतं? बादलीच्या खुणेत आकडा असतो.

टिळकवाडी४४

३० लिहिलंय. बादलीखाली एक रेघ पण आहे.

निपाणीचा_आप्पा

मग पट्टीला खोटं म्हणता येणार नाही, पण तिने अपुरं सांगितलं हे मी मान्य करतो. ३० म्हणजे त्याहून गरम पाणी नको, आणि खालची रेघ म्हणजे हलकं घुसळणं. सून गरम पाण्यात गेली, वर सोडा घातला, आणि भिजवून ठेवलं. रंग या तिन्हींनी सुटतो.

‘कलरफास्ट’ या शब्दात मोठी अडचण अशी की रंग पक्का कशाला, हे तो सांगत नाही. प्रयोगशाळेत आम्ही धुण्याची परीक्षा वेगळी घ्यायचो, कोरड्या घासण्याची वेगळी, ओल्या घासण्याची वेगळी, उन्हाची वेगळी. धुण्याला आणि घासण्याला १ ते ५ असे गुण, ५ सर्वांत चांगलं. उन्हाला १ ते ८. एकाच गडद निळ्या जीनला कोरड्या घासण्यात ४ आणि ओल्या घासण्यात २ मिळालेले मी कितीदा पाहिलेत. धुण्यात उत्तम उतरलेलं कापड गच्चीवरच्या उन्हात दोन महिन्यांत विटलेलंही पाहिलंय. तरी पट्टीवर एकच शब्द. आणि ब्लीचचा तर या शब्दाशी काही संबंधच नाही, त्यासाठी त्रिकोणाची खूण असते. त्रिकोणावर फुली असेल तर पांढऱ्या कपड्यांची ब्लीच पावडर त्या कपड्याला लागूच द्यायची नाही.

कॅम्प_इस्त्रीघर

उन्हाचं आप्पा बरोबर सांगालेत. आमच्याकडं नवी गिऱ्हाइकं भांडतात, तुम्ही रंग घालवला म्हणून. बघितलं तर खांद्यावरच रंग गेलेला असतंय, जिथं दोरीवर ऊन लागतंय तिथं. पाण्यानं गेला तर सगळीकडं सारखा जाईल की.

निपाणीचा_आप्पा

अगदी. चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा असतात, ती सावलीत वाळवायची खूण. ती बहुतेकांना दिसतच नाही.

शिवणघर_शहापूर

चार दिवसांनी लिहितेय. आप्पांनी सांगितल्याप्रमाणे दोनदा केलं. पाठ ६३ वर आली, बाह्या ५७ वर. उजव्या बाजूचा फुगवटा बसला. डाव्या छातीवर दोन लहान फोड राहिलेत, तिथे दाबल्यावर ठिपके दिसायला लागले म्हणून थांबले. अस्तर खालून दीड सेंटिमीटर आणि बाह्यांना एक सेंटिमीटर वर घेतलं, आत नेहमीची ढील ठेवली. काकूंना सगळं खरं सांगितलं, मजुरी घेतली नाही. डाव्या बाजूला ब्रोच लावेन म्हणाल्या.

चिठ्ठी अशी करतेय, बघा जमते का:

“ड्राय क्लीन ओन्ली: पाण्यात घालू नका, हातानेही नाही. लाँड्रीत देताना पाणी लावू नका असं सांगा आणि पट्टीवरचा गोल दाखवा.”

“ड्राय क्लीन (ओन्ली नसेल तर): ड्राय क्लीन चालेल. पाण्याने धुवायचं असल्यास आधी दुकानात विचारा.”

“टंबल ड्राय लो: ड्रायरमध्ये घातलं तर कमी गरम हवेवर. दोरीवर वाळवलं तरी चालेल.”

“कलरफास्ट: पट्टीवरच्या बादलीच्या खुणेत जेवढं तापमान लिहिलंय तेवढ्याच पाण्यात रंग टिकेल. सोडा, ब्लीच, कडक ऊन नको. पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळं धुवा.”

मागच्या बाजूला हेच कन्नडमध्ये. गल्लीतल्या मॅडम लिहून देणार आहेत.

निपाणीचा_आप्पा

छान आहे. टंबल ड्रायच्या ओळीत एक बदल करा. दोरीवर चालेल, पण विणलेले स्वेटर सोडून. चौकोनात आडवी रेघ असेल तर सपाट पसरून वाळवायचं, दोरीवर टाकलं की स्वतःच्या पाण्याच्या वजनाने ते लांबतं.

वैजयंती_अनगोळ

फडकं घासून बघितलं. ओल्यावर लाल आलं, कोरड्यावर अगदी फिकट, आलं म्हणावं की नाही असं. आता काय समजू?

कॅम्प_इस्त्रीघर

ताई, साडी घेऊन या कॅम्पात. काठाच्या आतल्या टोकाला दोन थेंब तेल टाकून पांढऱ्या कापडावर दाबून बघू. तुमच्यासमोरच.

टिळकवाडी४४

आप्पा, सुनेचे गुलाबी शर्ट पुन्हा पांढरे होतील का? त्यांच्या त्रिकोणावर फुली नाही, आत दोन तिरक्या रेघा आहेत.